पेटीवर आपली पट्टी कशी ठरवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या मराठी मंडळींत गाणं शिकणारे, भजनी मंडळातले आणि गणपतीच्या दहा दिवसांत साथीला बसणारे लोक मला पेटीबद्दल जे विचारतात, त्यात पट्टीचा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. तेच प्रश्न इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात लागली, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. “माझी पट्टी काळी एक” म्हणजे नेमकं काय?

गाताना तुम्ही पेटीवरच्या ज्या सुराला सा मानता, ती तुमची पट्टी. बाकीचे सगळे सूर त्या सा पासून मोजले जातात. पांढऱ्या पट्ट्या एका सप्तकात सात आणि काळ्या पाच. दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडे जी पांढरी आहे ती पांढरी एक. तिच्यापासून उजवीकडे जाताना क्रम असा लागतो: पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन, पांढरी चार, काळी तीन, पांढरी पाच, काळी चार, पांढरी सहा, काळी पाच, पांढरी सात. पांढरी तीन आणि चार यांच्यामध्ये काळी नसते. सात आणि पुढच्या सप्तकातली एक यांच्यामध्येही नसते. मोजताना चूक होते ती बहुतेक याच दोन जागी.

इंदुरात तबलजी “सफेद चार” किंवा “काली एक” म्हणतात, ती आपलीच पांढरी चार आणि काळी एक. पुढच्या उत्तरांत अंतर मोजताना प्रत्येक पट्टीला, काळी असो वा पांढरी, मी एक घर म्हणते. सा पासून वरचा पंचम सात घरं, तार सा बारा घरं, तार सप्तकातला शुद्ध गंधार सोळा, मध्यम सतरा आणि पंचम एकोणीस घरं. खाली जाताना मंद्र निषाद एक घर, धैवत तीन, पंचम पाच आणि मध्यम सात घरं.

२. पुरुषांची काळी एक आणि बायकांची काळी पाच, हे ठरलेलंच आहे ना?

ठरलेलं नाही. सुरुवातीचा अंदाज म्हणून ते ठीक आहे. पुरुषांचे आवाज साधारण पांढरी सात ते काळी दोन यांच्या आसपास बसतात, बायकांचे पांढरी चार ते काळी पाच यांच्या आसपास. पण हा पल्ला मोठा आहे. पांढरी चार आणि काळी पाच यांच्यात पाच घरांचं अंतर आहे, म्हणजे एका बाईचा मध्यम तो दुसरीचा सा. वर्गात दहा मुली आहेत आणि पेटी एकच, तर शिकवणारे सोयीसाठी सगळ्यांना एका पट्टीत बसवतात. त्यात चूक नाही, पण ती वर्गाची पट्टी झाली, तुमची नव्हे. घरी रियाजाला बसताना स्वतःची वेगळी काढावी.

३. मग स्वतःची पट्टी घरी कशी काढायची?

बहुतेक जण पेटीवर एकेक सूर दाबून “कुठला सा बरा वाटतो” ते बघतात. पण सा मध्यावर असल्यामुळे तो चार-पाच पट्ट्यांवर बराच वाटतो. त्यावरून काही ठरत नाही. पट्टी ठरते ती गाण्याच्या दोन टोकांवर: खाली कुठवर जायचं आहे आणि वर कुठवर. म्हणून आधी आपल्या आवाजाची दोन टोकं शोधा.

सकाळी उठल्या उठल्या हे करू नका. तेव्हा आवाज जड असतो आणि खालचे सूर एरवीपेक्षा जास्त मिळतात. पंधरा-वीस मिनिटं साधे अलंकार गाऊन घ्या. मग मधल्या सुरापासून एकेक घर खाली या आणि प्रत्येक सुरावर मोकळा “आ” पाच-सहा सेकंद धरा. ज्या सुरावर आवाजाऐवजी हवा यायला लागते किंवा घोगरेपणा येतो, तो सोडा. त्याच्या आधीचा, शेवटचा भरीव सूर लिहून ठेवा. मग वर जा. वर जाताना “आ” बरोबर “ई” सुद्धा धरून बघा, कारण बंदिशीत आणि अभंगात वरच्या सुरांवर इकार-उकाराचे शब्द येतातच. हनुवटी वर उचलली गेली, गळ्याच्या शिरा ताणल्या किंवा सूर किंचित खाली राहू लागला, की थांबा. त्याच्या आधीचा सूर हे तुमचं वरचं टोक.

कसाबसा स्पर्श होतो तो सूर यात धरायचा नाही. पुन्हा पुन्हा, न घाबरता लागतो तोच धरायचा. एका दिवसाच्या मोजणीवर थांबू नका. आठवड्याभरात दोन-तीनदा मोजा आणि ज्या दिवशी पल्ला कमी आला तो खरा माना.

आता तुम्ही जे गाता त्याची टोकं बघा. ख्यालासाठी मंद्र पंचम ते तार गंधार एवढी जागा तरी लागते, म्हणजे खाली पाच आणि वर सोळा, मिळून एकवीस घरं. आवाजाच्या खालच्या टोकापासून पाच घरं वर मोजा, तिथे सा ठेवला की मंद्र पंचम मिळतो. वरच्या टोकापासून सोळा घरं खाली मोजा, तिथे सा ठेवला की तार गंधार मिळतो. हे दोन सा एकाच पट्टीवर आले किंवा पहिला दुसऱ्याच्या खाली आला, तर तुमची पट्टी त्या दोहोंत आहे. पहिला दुसऱ्याच्या वर गेला, तर आवाजाचा पल्ला अजून अपुरा आहे आणि एक टोक तूर्त सोडावं लागेल. कुठलं सोडायचं ते प्रश्न ५ मध्ये आहे.

४. एखाद्या खऱ्या आवाजाचं उदाहरण देऊन सांगाल का?

सुदामानगरकडून येणाऱ्या एका विद्यार्थिनीचं सांगते. वय तिशीतलं, आधी कुठे तरी दोन वर्षं शिकलेली, पट्टी काळी पाच. तक्रार अशी की यमनचा अंतरा आला की आवाज बारीक होतो आणि गाऊन झाल्यावर घसा खाकरावा लागतो. तिला वाटायचं, रियाज कमी पडतोय.

पेटीचं डावं टोक पांढरी एकपासून सुरू होत होतं. तिचा खालचा भरीव सूर पहिल्या सप्तकातल्या पांढरी तीनवर आला. पांढरी दोन कशीबशी लागत होती, ती सोडली. वर तिसऱ्या सप्तकातली काळी एक ती “ई” वर सुद्धा सहज धरत होती. त्यापुढच्या पांढरी दोनवर मान ताणली जाई.

पांढरी तीनपासून पाच घरं वर: पांढरी चार, काळी तीन, पांढरी पाच, काळी चार, पांढरी सहा. वरच्या काळी एकपासून सोळा घरं खाली आलं की तीच पांढरी सहा. दोन्ही मोजण्या एकाच सुरावर मिळाल्या, म्हणजे तिचा पल्ला ख्यालाला बरोब्बर पुरतो आणि त्याला पट्टी एकच आहे.

काळी पाचमध्ये तिचा तार गंधार पांढरी दोनवर जात होता, नेमका ज्या सुरावर मान ताणली जाते तिथे. यमनच्या अंतऱ्यात तार गंधार टळत नाही, म्हणून प्रत्येक अंतऱ्याला तोच ताण. फक्त एक घर खाली, पांढरी सहावर आणल्यावर तोच गंधार काळी एकवर आला आणि अंतरा मोकळा झाला. अजून एक घर खाली, काळी चारला गेलो असतो, तर तार गंधार आणखी सोपा झाला असता, पण मंद्र पंचम तिच्या भरीव सुराच्या खाली गेला असता. यमनच्या आलापात मंद्रातलं काम बरंच असतं, तिथे नुसती हवा आली असती.

५. सगळ्या रागांना आणि गाण्यांना एकच पट्टी चालते का?

रियाजाची पट्टी एक असावी, कारण गळ्याला सा ची सवय त्यातूनच लागते. पण गायची चीज बदलली की टोकं बदलतात. पूरिया आणि सोहनी यांचे सूर तेच आहेत, पण पूरिया मंद्र-मध्य सप्तकात रमतो आणि सोहनी तार सा च्या आसपास राहते. दरबारी आणि अडाणा यांचंही तसंच: दरबारीचा जीव मंद्रात, अडाण्याचा तारात. म्हणून पूरिया किंवा दरबारी अर्धा सूर चढवून आणि सोहनी किंवा अडाणा अर्धा सूर उतरवून गाणारे लोक आहेत, आणि मला ते पूर्ण योग्य वाटतं.

इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा दरबारी ऐका. तिथे मंद्र सप्तक हाच गाण्याचा पाया आहे. त्या वळणाचं गाणं ज्यांना गायचंय त्यांनी पट्टी खालच्या टोकावरून ठरवावी आणि वरचा एखादा सूर सोडावा लागला तर सोडावा. उलट ज्यांचं गाणं नाट्यपद आणि अभंगाकडे झुकतं त्यांनी वरचं टोक आधी बघावं. तिथे तार पंचमाची जागा वारंवार येते आणि मंद्रात निषादाच्या खाली क्वचितच जावं लागतं.

वरच्या विद्यार्थिनीचंच बघा. तार पंचमापर्यंत जाणारा अभंग म्हणायचा तर वरच्या काळी एकपासून एकोणीस घरं खाली, म्हणजे काळी तीनला सा येतो. ख्यालापेक्षा तीन घरं खाली. पण तिथेही पंचम तिच्या अगदी टोकावर येतो आणि मंचावर टोकाचा सूर सहसा तितका सहज लागत नाही. तिला मी पांढरी चार सुचवली. तिथे तार पंचम पांढरी एकवर येतो, हाताशी एक घर शिल्लक राहतं, आणि खाली मंद्र निषादाला पांढरी तीन मिळते, जी तिची भरीव आहे.

६. काही भजनं “मध्यमाला सा धरून” गातात, ते का?

काही रचनांचा सगळा वावर मंद्र पंचमापासून मध्य सप्तकाच्या वरच्या भागापर्यंत असतो. मांड, पहाडी, पिलू यांतल्या पुष्कळ चिजा अशा असतात. त्या नेहमीच्या सा वर गायल्या तर आवाज सतत खाली राहतो आणि खुलत नाही. म्हणून नेहमीच्या पट्टीचा मध्यम हाच नवा सा मानतात. काळी एकवाला गायक अशा वेळी काळी तीन सा धरतो. त्याचा गळा खेचला जात नाही, कारण चीजच वर फारशी जात नाही. गाणं तार सा च्या पलीकडे जात असेल, तर मात्र मध्यमाला सा धरू नका. पेटीवाल्याला हे आधी सांगा. सुरू झाल्यावर सांगितलं तर तबल्याची अडचण होते, तिच्यासाठी प्रश्न ९ बघा.

७. पेटीवर पट्टी बरोबर दाबतो, तरी सूर एकदम खाली किंवा वर वाटतो. असं का?

बहुधा सप्तकाचा घोटाळा. पेटीत सुरांचे दोन-तीन संच असतात: खर्ज, नर आणि असेल तर मादी. तुम्ही फक्त खर्जाचा खटका ओढला असेल, तर मधल्या सप्तकातली पट्टी दाबूनही आवाज त्याच्या खालच्या सप्तकातला येतो. पट्टी शोधताना फक्त नर ओढा आणि कपलर बंद ठेवा. कपलर चालू असला तर एक पट्टी दाबल्यावर दुसऱ्या सप्तकातलीही वाजते आणि आपण कुठल्या सुराला लागतोय ते कळत नाही.

पुरुषांचा काळी एकचा सा साधारण 139 हर्ट्झला असतो आणि बायकांचा काळी चारचा साधारण 208 ला. फोनवर ट्यूनर असेल तर पेटीसमोर धरून बघा: काळी एकला पडद्यावर `C#3` आणि काळी चारला `G#3` दिसलं पाहिजे. `C#2` किंवा `G#4` दिसलं, तर पट्टीचं नाव बरोबर पण सप्तक चुकलं.

दुसरं कारण पेटीचं वय. जुन्या पेट्या सुरातून हललेल्या असतात. तुमच्या घरची काळी एक आणि मंडळाच्या पेटीची काळी एक यांत ऐकू येण्याइतका फरक असू शकतो. आवाजाची टोकं ज्या पेटीवर मोजली तीच नंतरही वापरा, किंवा नव्या पेटीवर एकदा पुन्हा मोजा.

८. सर्दी झाली किंवा घसा बसला तर?

अर्धा सूर, फार तर एक सूर उतरवा. त्याहून जास्त उतरवावं लागत असेल तर त्या दिवशी गाऊ नका. सर्दीत खालचे सूर जास्त मिळतात म्हणून काही जणांना वाटतं की आपली पट्टी खाली आली. सर्दी गेल्यावर ते सूर जातात. त्या दिवसांत मोजलेली टोकं धरायची नाहीत.

९. पट्टी बदलली की तबलजी कुरकुरतात. त्यांचं खरं आहे का?

खरं आहे. दायाँ सा ला लावलेला असतो. गट्टे आणि हातोडी वापरून तो अर्धा-एक सूर वर-खाली करता येतो. त्याहून जास्त ओढला तर पुडी फाटायची भीती आणि फार उतरवला तर आवाज बोदा होतो. काळी एकचा तबला तोंडाने रुंद, पांढरी सहाचा लहान तोंडाचा, ही दोन वेगळी वाद्यं आहेत. म्हणून कार्यक्रमाच्या आधी पट्टी कळवणं हे गाणाऱ्याचं काम आहे. “काळी चार, एक अभंग पांढरी चारमध्ये” एवढं सांगितलं की तबलजी दोन दायाँ घेऊन येतो.

ऐनवेळी सा चा तबला नसेल तर पंचमाला लावलेला चालतो. काळी एकच्या गायकाला काळी चारचा तबला पंचमात बसतो. रागात पंचम नसेल, जसा मालकंस, तर मध्यमाला लावलेला घ्यावा.

१०. नवरा-बायकोला किंवा मंडळात पुरुष-बायकांना एकत्र गायचंय. कुणाच्या पट्टीत?

नेहमी विचारतात ते गणपतीच्या आरत्यांबद्दल. बायका पुरुषांच्या एक सप्तक वर गातात, म्हणजे पुरुषांची पांढरी एक हीच बायकांची वरच्या सप्तकातली पांढरी एक. आरतीची चाल सा ते धैवत-निषाद एवढ्यातच फिरत असेल तर पांढरी सात किंवा पांढरी एक ही पट्टी दोघांना जमते. पुरुषांचा सा खाली पडत नाही आणि बायकांना धैवत-निषादापर्यंतच चढावं लागतं. काळी दोनच्या वर नेऊ नका. उत्साहात पेटीवाला पांढरी चार धरतो, पहिल्या दोन आरत्यांपर्यंत चालतं, मग पुरुष तारात ओरडू लागतात किंवा एकदम खाली उतरतात.

तार सा च्या वर जाणारी चीज मात्र अशा एका पट्टीत बसत नाही. तिथे बायकांना त्यांच्या पट्टीत आणि पुरुषांना त्यांच्या पट्टीत वेगवेगळी कडवी द्यावीत. शास्त्रीय गाण्यात पंडित जसराजांनी जसरंगी जुगलबंदी बांधली ती याच अडचणीतून वाट काढत. तिथे गायक आणि गायिका आपापल्या सा वर दोन वेगळे राग गातात, आणि गायकाचा मध्यम तो गायिकेचा सा असतो. गायक काळी एकवर असला तर गायिका काळी तीनवर.

११. मुलाचा आवाज फुटतोय. पट्टी काय ठेवू?

आवाज फुटायला लागला की काही महिन्यांत सा बऱ्याच घरांनी खाली येतो आणि मधले काही सूर सापडतच नाहीत. या काळात पट्टी ठरवायचा हट्ट नको. दर दोन-तीन आठवड्यांनी टोकं मोजा, मध्य सप्तकातलंच गाऊ द्या, तार सप्तक बंद. आधी पांढरी पाचमध्ये गाणारा मुलगा शेवटी काळी एकला येऊन थांबेल की काळी दोनला, हे आवाज स्थिर झाल्यावरच कळतं. “आधी केवढं वर जायचा” म्हणून त्याला जुन्या पट्टीत गायला लावणारे आई-वडील मी बघते. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, तसं करू नका. त्या वयात ओढलेला गळा नंतर बरीच वर्षं घट्ट राहतो.

१२. स्केलचेंजर पेटी घेतली तर पट्टीचा प्रश्न सुटेल का?

वाजवणाऱ्याचा सुटेल, गाणाऱ्याचा नाही. स्केलचेंजरमध्ये पट्ट्यांची ओळ आतल्या सुरांवरून सरकते. त्यामुळे बोटं काळी एकची ठेवून काळी तीनचा सूर वाजवता येतो. पट्ट्या बदलून वाजवायचा सराव नसेल तर ती सोय मोठी आहे. पण तुमचा सा कुठे हवा हे शोधायचं काम प्रश्न ३ प्रमाणेच करावं लागतं.

एक सावधगिरी बाळगा. स्केलचेंजर सरकवलेल्या जागी असताना पट्टीचं नाव फसवतं. बोटाखाली काळी एक दिसते आणि सूर भलताच असतो. आवाजाची टोकं मोजताना ओळ मूळ जागी आणून ठेवा. विकत घेताना सगळ्या जागांवर सरकवून प्रत्येक ठिकाणी एक पूर्ण सप्तक वाजवून बघा. एखाद्या जागी पट्टी अडकत असेल किंवा दोन सूर एकदम वाजत असतील, तर ती पेटी घेऊ नका.